शनिवारचा दीड तास: स्वतःच्या ट्रेडिंग स्क्रिप्टची आठवड्याची देखभाल

घरच्या लॅपटॉपवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर पायथॉनची एक स्क्रिप्ट, ब्रोकरचं एपीआय, चार-दोन शेअर आणि दिवसाला दोन-चार इंट्राडे सौदे. हा लेख एवढाच पसारा असलेल्यांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांत सौद्यांचा हिशोब जुळवायला वेगळी माणसं असतात. इथे सौदा लावणारे, तो तपासणारे आणि चूक निस्तरणारे तुम्ही एकटेच. त्यामुळे आठवड्यातून एकदा बाजार बंद असताना बसून चार गोष्टी तपासायच्या: लॉग, किल्ल्या, बॅकअप आणि मर्यादा.

दिवस शनिवार सकाळचा बरा. शुक्रवारची कॉन्ट्रॅक्ट नोट तोवर आलेली असते आणि काही बिघडलेलं सापडलं, तर सोमवारी 9:15 पर्यंत दुरुस्तीला दोन दिवस हातात राहतात. रविवारी रात्री हे काम काढलं की सापडलेली चूक घाईत दुरुस्त होते आणि ती दुरुस्ती न तपासताच सोमवारी बाजारात जाते. क्रमही असाच ठेवा. मर्यादा बदलायच्या की नाहीत हे सौद्यांच्या नोंदींवरून ठरतं. त्या नोंदी खऱ्या आहेत की नाहीत हे लॉग सांगतो. शिवाय काहीही बदलण्याआधी आजची स्थिती बॅकअपमध्ये गेलेली हवी.

लॉग: स्क्रिप्ट काय म्हणते आणि ब्रोकर काय म्हणतो

लॉग वाचायचा म्हणजे त्यातले ERROR शोधायचे, असं बहुतेकांना वाटतं. ते करायचंच, पण त्याआधी एक काम आहे. स्क्रिप्टच्या नोंदीतले सौदे आणि कॉन्ट्रॅक्ट नोटमधले सौदे शेजारी ठेवून जुळवायचे. प्रत्येक दिवसासाठी तीन आकडे पुरतात: किती शेअर घेतले, किती विकले आणि खर्च धरण्याआधी नफा-तोटा किती झाला. शेअरची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. रुपयांत काही पैशांचा फरक सरासरी भावामुळे पडू शकतो, पण शेकड्यांचा पडत नाही.

हे का करायचं ते एका उदाहरणात पाहू. समजा, बुधवारी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये या ओळी आहेत:

```
10:02:14 INFO  PLACE BUY 50 LIMIT 812.50
10:02:21 ERROR ReadTimeout
10:02:22 INFO  PLACE BUY 50 LIMIT 812.50
10:02:22 INFO  COMPLETE BUY 50 avg=812.40
11:20:05 INFO  COMPLETE SELL 50 avg=818.00
11:20:05 INFO  PNL +280.00
```

वरवर पाहता सगळं ठीक दिसतं. ऑर्डर पाठवली, सात सेकंद उत्तर आलं नाही, स्क्रिप्टने पुन्हा पाठवली, ती पूर्ण झाली आणि नंतर 280 रुपये नफ्यात सौदा मिटला. कॉन्ट्रॅक्ट नोट मात्र वेगळंच सांगते. तिच्यात खरेदी 100 शेअरची आहे. पहिली ऑर्डर ब्रोकरकडे पोहोचली होती आणि 812.45 ला भरलीही होती. फक्त तिचं उत्तर परत येताना वाटेत हरवलं. स्क्रिप्टच्या लेखी हे दुसरे 50 शेअर नव्हतेच, म्हणून त्यांना स्टॉप-लॉसही लागला नाही. ते दिवसभर तसेच पडून राहिले आणि बाजार बंद व्हायच्या थोडं आधी ब्रोकरच्या यंत्रणेने ते आपणहून 803.10 ला विकून टाकले. तोटा 467.50 रुपये. म्हणजे लॉगमध्ये 280 चा नफा आणि प्रत्यक्षात 187.50 चा तोटा, वर ब्रोकरने स्वतः पोझिशन मिटवल्याचा आकार वेगळा.

ERROR ची एकच ओळ इथे होती आणि तिच्यानंतर लगेच COMPLETE आलं होतं. नुसता लॉग वाचणारा माणूस नेटवर्कचा किरकोळ अडथळा समजून पुढे गेला असता. ही चूक फक्त जुळवणीत सापडते. टाइमआउटचा अर्थ ऑर्डर गेली नाही असा होत नाही. तिचं काय झालं ते आपल्याला कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दुरुस्ती अशी करायची की टाइमआउट आल्यावर थेट पुन्हा ऑर्डर पाठवायची नाही. आधी ब्रोकरकडून दिवसाची ऑर्डर बुक मागवायची आणि आपली ऑर्डर तिच्यात आहे का ते पाहायचं. बऱ्याच एपीआयमध्ये ऑर्डरसोबत `tag` पाठवायची सोय असते. प्रत्येक संकेताला वेगळा `tag` दिला की ऑर्डर बुकमध्ये तीच ऑर्डर ओळखता येते. पहिल्या तपासणीत ती दिसली नाही, तर काही सेकंद थांबून आणखी एकदा पाहायचं आणि मगच पुन्हा पाठवायची.

एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. एपीआयमधून मिळणारी ऑर्डर बुक त्या दिवसापुरतीच असते. बुधवारची ऑर्डर बुक शनिवारी मागितली तर मिळणार नाही. त्यामुळे रोज साडेतीननंतर ती स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट हवीच. रद्द झालेल्या आणि REJECTED झालेल्या ऑर्डरी कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये येत नाहीत. त्यांचा माग या साठवणीतच सापडतो.

जुळवणी झाली की मग तक्रारीच्या ओळी. सगळ्या वाचत बसू नका. त्यातले आकडे पुसून एकसारख्या ओळी एकत्र मोजा आणि सर्वांत दुर्मीळ ओळी वर आणा:

```
grep -hE "ERROR|WARN|REJECTED" logs/*.log \
 | sed -E 's/^[^ ]+ //; s/[0-9]+/N/g' \
 | sort | uniq -c | sort -n | head -20
```

जी ओळ आठवड्यात दोनशे वेळा येते ती तुमच्या ओळखीची असते. जी पहिल्यांदाच आणि एकदाच आली, तिचं कारण कळेपर्यंत तिच्यावरून पुढे जाऊ नका. ओळखीच्या ओळींचंही काहीतरी करायला हवं. एकतर त्यांचं कारण दूर करा, नाहीतर त्यांची पातळी INFO वर उतरवा. दर आठवड्याला दोनशे निरर्थक इशारे येऊ दिले की दोनशे एकावा इशारा खरा असला तरी डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या कंपनीचं उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे. 1 ऑगस्ट 2012 ला तिच्या एका सर्व्हरवर जुना कोड जिवंत राहिला होता. बाजार उघडण्याआधीच तिच्या यंत्रणेने त्याबद्दल 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारे म्हणून बघायची तिथे रीत नव्हती, म्हणून कुणी हललं नाही. बाजार उघडल्यावर सुमारे पाऊण तासात कंपनीने 44 कोटी डॉलरच्या आसपास गमावले.

शेवटी, लॉगमध्ये काय नाही तेही पाहा. स्क्रिप्ट मिनिटाला एक HEARTBEAT ओळ लिहीत असेल, तर 9:15 ते 3:30 या वेळात 375 ओळी व्हायला हव्यात. `grep -c HEARTBEAT` ने रोजचा आकडा काढा. 352 आल्या, तर ती 23 मिनिटं कुठे गेली? एका सलग तुकड्यात गेली असतील तर लॅपटॉप झोपला असेल किंवा इंटरनेट तुटलं असेल. दिवसभर एकेक करून गळाली असतील तर स्क्रिप्टचा एखादा फेरा मिनिटापेक्षा जास्त वेळ घेतोय. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यात स्टॉप-लॉसची तपासणीही उशिरा होते आणि कुठेही ERROR उमटत नाही.

किल्ल्या: कुठे आहेत आणि कुणाकुणाच्या हाती पडू शकतात

एपीआयची `api_key`, तिच्या जोडीची `api_secret`, रोज नवी होणारी `access_token` आणि टीओटीपीचं बीज, अशा चार गोष्टी तुमच्याकडे असतात. `access_token` चं आयुष्य एका दिवसाचं असतं. उदाहरणार्थ, झिरोधाच्या काईट कनेक्टमध्ये ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपते. तिची फार काळजी नको. चिंता करायची ती `api_secret` आणि टीओटीपीच्या बीजाची.

सकाळचं लॉगिन आपोआप व्हावं म्हणून अनेक जण पासवर्ड, `api_secret` आणि टीओटीपीचं बीज तिन्ही एकाच `.env` फाइलमध्ये ठेवतात. माझ्या मते हे करू नये. दोन टप्प्यांची ओळख मागण्यामागचा हेतूच हा असतो की एक वस्तू चोरीला गेली तरी दुसरी चोराकडे नसावी. दोन्ही एका फाइलमध्ये ठेवल्या की ती फाइल म्हणजे तुमचं अख्खं खातं. रोज सकाळी फोनवरून सहा आकडे टाकायला अर्धं मिनिट लागतं आणि त्या निमित्ताने स्क्रिप्ट सुरू झाली की नाही हेही डोळ्यांखालून जातं.

शनिवारी करायचं ते एवढंच. `.env` ची परवानगी फक्त तुम्हाला आहे ना, म्हणजे `ls -l` मध्ये `-rw-------` दिसतं ना, ते पाहा. मग `api_secret` ची पहिली सहा-आठ अक्षरं घेऊन गिटचा सगळा इतिहास शोधा:

```
git log --all --oneline -S'पहिली-काही-अक्षरे'
```

इथे एकही ओळ आली, तर ती किल्ली फुटली असं धरून चाला. फाइल काढून टाकून नवा कमिट केल्याने काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. ब्रोकरच्या पानावर जाऊन नवी `api_secret` घ्यायची, हा एकच उपाय. लॉगच्या फायलींतही `api_secret` आणि टोकन शोधून पाहा. डीबग चालू ठेवून केलेल्या चाचणीत विनंतीचे सगळे मथळे लॉगमध्ये छापले जातात आणि त्यांत टोकन असतं.

किल्ली दर आठवड्याला बदलायची गरज नाही. उलट प्रत्येक बदलात काहीतरी जुनं राहून जायची शक्यता असते. लॅपटॉप विकला किंवा दुरुस्तीला दिला, कोड कुणाला पाठवला, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन दिसलं, अशा वेळी बदला. बदलल्यावर ती चालते का हे पाहायला ऑर्डर लावू नका. खात्याची शिल्लक मागवणारी साधी विनंती पुरते. शनिवारी अधूनमधून एक्स्चेंजचं मॉक ट्रेडिंग किंवा ब्रोकरची देखभाल चालू असते. तेव्हा लॉगिन झालं नाही म्हणून लगेच किल्लीला दोष देऊ नका, दुपारी पुन्हा पाहा.

आयपी पत्ताही आता किल्लीइतकाच महत्त्वाचा झाला आहे. किरकोळ गुंतवणूकदारांच्या एपीआयबद्दल सेबीने 4 फेब्रुवारी 2025 ला जे परिपत्रक काढलं, त्यात ब्रोकरकडे आधी नोंदवलेल्या स्थिर आयपीची अट आहे. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू केल्यावर बदलू शकतो. म्हणून `curl -4 ifconfig.me` चं उत्तर ब्रोकरकडच्या नोंदीशी ताडून पाहा आणि लगेच `curl -6 ifconfig.me` ही चालवा. दुसऱ्या आज्ञेला उत्तर आलं, तर तुमचं यंत्र आयपीव्ही6 वरूनही बाहेर पडू शकतं. मग ब्रोकरला भलताच पत्ता दिसतो आणि ऑर्डर कधी जाते, कधी नाकारली जाते. हा गोंधळ लवकर उमगत नाही, कारण हाताने तपासताना सगळं बरोबर दिसतं.

बॅकअप: उघडून पाहिलेलीच प्रत खरी

सौद्यांच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये असतील, तर `trades.db` ही फाइल नुसती कॉपी करू नका. डेटाबेस वॉल पद्धतीने चालत असेल, तर ताज्या नोंदी शेजारच्या `trades.db-wal` या फाइलमध्ये असतात आणि मूळ फाइलमध्ये नंतर मिसळल्या जातात. फक्त मूळ फाइल उचलली, तर प्रत उघडेल, तक्रारही करणार नाही, पण तिच्यात शुक्रवारचे सौदे नसतील. त्यासाठी एसक्यूलाइटची स्वतःची आज्ञा आहे:

```
sqlite3 trades.db ".backup 'bk/trades.db'"
sqlite3 bk/trades.db "PRAGMA integrity_check;"
sqlite3 bk/trades.db "SELECT date(ts), count(*)
  FROM fills GROUP BY 1 ORDER BY 1 DESC LIMIT 5;"
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर `ok` यायला हवं. तिसरी ओळ गेल्या पाच दिवसांचे सौदे मोजते. ते सौदे तुम्ही नुकतेच कॉन्ट्रॅक्ट नोटशी जुळवले आहेत, त्यामुळे चूक असेल तर क्षणात दिसते. आज्ञेतली `fills` आणि `ts` ही नावं अर्थातच तुमच्या डेटाबेसप्रमाणे बदला.

डेटाबेससोबत मर्यादांची `config` फाइल, आठवड्याचे लॉग, कॉन्ट्रॅक्ट नोटच्या पीडीएफ आणि `pip freeze` ची यादी ठेवा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सहा महिन्यांनी नव्या यंत्रावर तीच स्क्रिप्ट चालवायची वेळ आली आणि लायब्ररीची आवृत्ती बदललेली असली, की वेळ किंवा तारीख वेगळ्या प्रकारे वाचली जाते आणि संकेत एक कँडल पुढे-मागे होतात. किल्ल्या मात्र या गठ्ठ्यात घालू नका.

प्रत त्याच डिस्कवर राहून उपयोग नाही. आपोआप सिंक होणारं क्लाउडचं फोल्डर हाही पुरेसा उपाय नाही, कारण इथे चुकून पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. तारखेच्या नावाचं फोल्डर करून ते बाहेरच्या डिस्कवर टाका आणि डिस्क काढून ठेवा. आठ-दहा आठवड्यांच्या प्रती ठेवल्या की पुरे. महिन्यातून एखाद्या शनिवारी दुसऱ्या संगणकावर सगळं उभं करून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मंगळवारी सकाळी लॅपटॉप मेला, तर त्या दिवशी स्क्रिप्टची वाट पाहायची की पोझिशन हाताने मिटवायच्या, याचा निर्णय त्या वेळेवरून करता येतो.

मर्यादा: कोणता आकडा हलवायचा आणि कोणता नाही

मर्यादा दोन जातींच्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो. दिवसाचा कमाल तोटा, एका सौद्यातली जोखीम आणि दिवसातल्या ऑर्डरींची संख्या या मर्यादा तुमच्या भांडवलाशी बांधलेल्या असतात. स्टॉप-लॉसचं अंतर, भावातला खपवून घ्यायचा फरक आणि स्लिपेजची हद्द या बाजाराच्या हालचालीशी बांधलेल्या असतात.

पहिल्या जातीच्या मर्यादा शनिवारी फक्त कमी करायच्या, वाढवायच्या नाहीत. समजा, भांडवल 4,00,000 असताना दिवसाचा कमाल तोटा एक टक्का, म्हणजे 4,000 रुपये, असा रुपयांत लिहून ठेवला. आता भांडवल 3,20,000 वर आलंय. फाइलमधला आकडा तोच आहे, पण तो आता सव्वा टक्का झाला. पैसा कमी झाला आणि जोखीम मात्र आपोआप वाढली. तो आकडा 3,200 करा. भांडवल वाढलं म्हणून मर्यादा वाढवायची असेल, तर ते काम तिमाहीच्या आढाव्याला ठेवा. वाईट आठवड्यानंतर तोटा भरून काढावासा वाटतो आणि चांगल्या आठवड्यानंतर हात सैल होतो, त्यामुळे शनिवार सकाळ त्या निर्णयाची नव्हे.

दुसऱ्या जातीत थोडा हिशोब करावा लागतो. समजा, एका शेअरची 14 दिवसांची सरासरी दैनिक हालचाल, म्हणजे एटीआर, 15 रुपये होती. तेव्हा स्टॉप-लॉस 9 रुपयांवर ठेवला होता, म्हणजे एटीआरच्या 0.6 पट. आता एटीआर 24 झालाय. 9 रुपयांचं अंतर आता फक्त 0.375 पट उरलं. नेहमीच्या हेलकाव्यानेच स्टॉप लागेल. लॉगमध्ये हे असं दिसतं: स्टॉप लागून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात भाव पुन्हा आपल्या दिशेला गेलेला असतो आणि असे सौदे आठवड्यागणिक वाढत जातात. पूर्वीचं प्रमाण राखायचं तर अंतर 14.40 रुपये हवं.

इथे अर्धंच काम करून थांबायची चूक सर्रास होते. अंतर वाढवलं आणि शेअरची संख्या तीच ठेवली, तर एका सौद्यातली जोखीमही त्याच प्रमाणात वाढते. एका सौद्यात 1,000 रुपयांपर्यंतच जोखीम घ्यायची असेल, तर 9 रुपयांच्या अंतराला 111 शेअर बसत होते. 14.40 ला 69 च बसतात. दोन्ही आकडे एकाच वेळी बदला. त्याहून बरं म्हणजे संख्या फाइलमध्ये लिहूच नका, जोखमीला अंतराने भागून ती स्क्रिप्टलाच काढू द्या.

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये आणखी एक फसवी जागा आहे. मर्यादा लॉटमध्ये लिहिलेली असते आणि लॉटचा आकारच बदलतो. निफ्टीचा लॉट 20 नोव्हेंबर 2024 नंतर आलेल्या नव्या करारांसाठी 25 वरून 75 झाला. ज्यांच्या फाइलमध्ये ‘कमाल 4 लॉट’ असं होतं, त्यांची पोझिशन 100 वरून 300 वर गेली, फाइलमधलं एक अक्षरही न बदलता. पुढे तो 65 वर आला. 1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टीच्या आठवड्याच्या कराराची मुदत गुरुवारऐवजी मंगळवारी संपू लागली, तेव्हा ‘गुरुवार’ हा शब्द कोडमध्ये लिहून बसलेल्यांचीही तीच गत. ही माहिती रोज सकाळी ब्रोकरच्या इन्स्ट्रुमेंट यादीतून घ्यायची आणि मर्यादा लॉटमध्ये न ठेवता रुपयांत ठेवायची.

एका आठवड्याच्या दहा-पंधरा सौद्यांवरून दुसऱ्या जातीची मर्यादाही हलवू नका. शनिवारी नुसती नोंद करा, त्यात निदान तीस-चाळीस सौदे जमू द्या आणि मग एका वेळी एकच आकडा बदला. दोन एकदम बदलले, तर पुढच्या महिन्यातला फरक कुणामुळे पडला ते कळणार नाही. बदलताना `config` शेजारच्या फाइलमध्ये एक ओळ लिहा: तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि कोणत्या गोष्टीवरून तो मागे घ्यायचा. ‘स्टॉप 9 वरून 14.40, एटीआर 24, तो 18 च्या खाली आला तर पुन्हा हिशोब’ एवढं पुरतं.

आणि या दीड तासात एखाद्या दिवसाची जुळवणी झालीच नाही, शेअरची संख्या कुठेतरी अडली आणि कारण सापडलं नाही, तर सोमवारी स्क्रिप्टला ऑर्डर लावू देऊ नका. ती कोरड्या चाचणीवर चालवा, म्हणजे संकेत लिहील पण ऑर्डर पाठवणार नाही. ब्रोकरला विचारणा करायची असेल, तर त्या दिवसाची साठवलेली ऑर्डर बुक आणि लॉगमधल्या त्या चार ओळी वेळेसकट सोबत जोडा.